गोव्यातल्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीचा मेल कसा लिहावा

पत्रिका आमंत्रण देते. माहितीच्या मेलचं काम वेगळं असतं. तो वाचून पाहुण्याला तिकीट काढता आलं पाहिजे, बॅग भरता आली पाहिजे आणि मडगावला उतरल्यावर नवरीच्या वडिलांना फोन न करता हॉटेलवर पोचता आलं पाहिजे. हळदीच्या सकाळी यजमानांचा फोन सतत वाजत असेल, तर बहुतेक वेळा त्याचं मूळ मेलमध्ये राहिलेल्या एखाद्या ओळीत सापडतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. मुलीकडचे पुण्याचे, मुलाकडचे ठाण्याचे, काही नातेवाईक नागपूरचे आणि तीन-चार कुटुंबं परदेशातली. लग्न दक्षिण गोव्यात बाणावलीच्या एका रिसॉर्टवर, शुक्रवार ११ ते रविवार १३ डिसेंबर. पाहुणे साधारण दीडशे.

आधी ठरवा, मेल कधी जायला हवा

अनेक जण सगळं पक्कं झाल्यावर मेल लिहायला बसतात. ते उशिराचं ठरतं, कारण पाहुण्यांची घाई रेल्वेच्या कॅलेंडरवर चालते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गुरुवार १० डिसेंबरला निघणाऱ्या गाडीचं आरक्षण म्हणजे ११ ऑक्टोबरच्या सकाळी आठला सुरू होणार. डिसेंबरात कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या फार लवकर भरतात. त्यामुळे आपल्या उदाहरणात मुख्य मेल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे. तोवर मेन्यू ठरला नसला तरी चालेल. उतरायचं कुठे, कधीपर्यंत पोचायचं आणि परत कधी निघायचं, एवढं मात्र ठरलेलंच हवं.

एकूण तीन मेल पुरतात. पहिला चार-पाच महिने आधी, दोन ओळींचा: तारखा आणि गाव, बस. दुसरा हा मुख्य मेल. तिसरा निघायच्या तीन-चार दिवस आधी, त्यात गाडीचे नंबर आणि ड्रायव्हरचे फोन. याच्यापेक्षा जास्त पाठवले तर लोक कुठलाच नीट वाचत नाहीत.

सगळ्यात वर: उतरायचं कुठे

गोव्याच्या लग्नात सगळ्यात महाग पडणारा घोळ विमानतळाचा असतो. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी, तिकिटावर GOI. दुसरा उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा, तिकिटावर GOX. तिथून २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उडू लागली. तिकीट शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्हींची विमानं एकाच यादीत येतात आणि माणूस स्वस्त दिसेल ते घेतो. दाबोळीहून बाणावली पाऊण तासावर आहे. मोपाहून जवळजवळ सगळा गोवा उभा ओलांडून यावं लागतं; दोन तास धरा. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, आणि हळदीला पोचायला उशीर होतो तो निराळाच. लग्न उत्तर गोव्यात मोरजी-आश्वेकडे असतं तर हिशेब बरोबर उलटा झाला असता.

हे समजावत बसू नका, सरळ सांगा:

> विमानाने येणाऱ्यांनी शक्यतो दाबोळीचं (GOI) तिकीट काढावं. तिथून हॉटेल पाऊण तासावर आहे. मोपाचं (GOX) तिकीट काढल्यास तिथून दोन तास लागतात. आमच्या गाड्या तिथून दिवसातून दोनदाच सुटतील.
> रेल्वेने येणाऱ्यांनी मडगाव (MAO) स्टेशनचं तिकीट काढावं. थिवी किंवा करमळीला उतरू नये.

थिवी-करमळीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पूर्वी कळंगुट-बागाला गेलेली मंडळी सवयीने थिवीचं तिकीट काढतात.

गाड्यांची यादी देण्याचा मोह होतो, पण ती अख्खी देऊ नका. वेळापत्रक बदलतं, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळंच वेळापत्रक असतं. आपल्या कार्यक्रमात बसतात त्या दोन-तीन गाड्या सांगा आणि वेळ तिकीट काढताना तपासायला सांगा. मुंबई-ठाण्याच्या मंडळींना गुरुवारी रात्री निघणारी कोकणकन्या सोयीची. ती सकाळी उशिरा मडगावला पोचते. पुण्याहून गोवा एक्सप्रेस मिरज-लोंढामार्गे येते आणि पहाटेच मडगावला सोडते. वंदे भारत मुंबईहून पहाटे निघून दुपारी मडगावला येते, पण ती शुक्रवारी धावत नाही, आणि आपली हळद नेमकी शुक्रवारी आहे. अशी एक ओळ मेलमध्ये असली की दहा जणांचा बेत फसता फसता वाचतो.

पुण्याहून मोटारीने येणाऱ्यांना वाटेतल्या थांब्यांसह दहा-अकरा तास धरायला सांगा आणि घाट उजेडी उतरायला सांगा. नकाशात गावाचं नाव Benaulim असं दिसतं, स्टेशनचं शहर Margao असं दिसतं, तेही लिहा. हॉटेलच्या नावापेक्षा गूगल मॅप्सची लिंक द्या, कारण एकाच नावाची दोन-दोन हॉटेलं किनारपट्टीवर असतात. लिंक पाठवायच्या आधी स्वतः उघडून बघा. काही रिसॉर्टची पिन मागच्या, बंद असलेल्या फाटकावर असते.

हॉटेल: पैशाचं आधी बोला

इथे यजमान संकोचतात आणि पाहुणे विचारत नाहीत. मग चेकआउटच्या वेळी काउंटरवर सगळ्यांचीच पंचाईत होते. कुठल्या रात्रींचं भाडं तुम्ही देताय आणि कुठला खर्च पाहुण्याचा, हे दोन वाक्यांत लिहून टाका:

> शुक्रवार आणि शनिवार, दोन रात्रींची राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडून आहे. लाँड्री, मिनीबार, स्पा आणि जादा रात्रींचं भाडं आपण हॉटेलकडे परस्पर द्यावं. गुरुवारी येणार असाल किंवा सोमवारपर्यंत राहणार असाल, तर फॉर्ममध्ये लिहा. लग्नासाठी ठरलेल्या दरातच खोली मिळेल.

तो ठरलेला दर जादा रात्रींना लागू आहे का, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे हॉटेलकडून आधी लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी त्याला मुदत असते. ती मुदत उलटल्यावर कुणी खोली मागितली तर डिसेंबरचा भाव सांगतात.

खोली ताब्यात मिळण्याची वेळ बहुतेक हॉटेलांत दुपारी दोनची असते, आणि रात्रीच्या गाड्या सकाळी पोचतात. पहाटे उतरलेल्या आत्याबाई लॉबीत सामानावर बसून राहतात, ती ही मधली वेळ. हॉटेलशी बोलून गुरुवारच्या रात्रीसाठी चार-पाच खोल्या जादा घ्या, म्हणजे सकाळी आलेल्यांना अंघोळ-कपड्यांसाठी त्या वापरता येतील. मग मेलमध्ये लिहा: ‘सकाळी येणाऱ्यांसाठी आवरायला खोल्या आहेत, नाश्ता सकाळी साडेदहापर्यंत मिळेल, स्वतःची खोली दुपारी दोननंतर मिळेल.’ एवढं आधी माहीत असलं की त्या थांबण्याचं काही वाटत नाही.

ओळखपत्राची ओळ ठळक करा. प्रत्येक प्रौढ माणसाचं ओळखपत्र लागतं, कुटुंबातल्या एकाचंच नव्हे. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डवर पत्ता नसतो, म्हणून हॉटेलं ते सहसा घेत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या चुलतभावाने पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड जवळ ठेवायला हवं, कारण परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलला चोवीस तासांत करावी लागते. ‘मी तर मूळचा पुण्याचाच’ म्हणून ती टळत नाही.

फॉर्म आणि गाड्या

मेलमध्ये एकच लिंक ठेवा, गूगल फॉर्मची. प्रश्न थोडेच विचारा: ओळखपत्रावर आहे तसं प्रत्येकाचं नाव, प्रवासात सोबत असेल तो व्हॉट्सॲप नंबर, येतानाचा गाडी किंवा विमान क्रमांक आणि तारीख, जातानाचं तेच, खाण्याची पथ्यं, आणि काही मदत हवी का. व्हीलचेअर, तळमजल्यावरची खोली, लहान बाळाचा पाळणा, हे सगळं या शेवटच्या प्रश्नात येतं. आधारचा फोटो फॉर्ममध्ये मागू नका. ते काम काउंटरवर होऊ द्या.

विमान किती वाजता पोचणार ते विचारण्यापेक्षा क्रमांक विचारा. क्रमांक असला की उशीर झाल्यावर तुम्हालाच फोनवर दिसतो. पाहुण्याने कळवायची वाट बघावी लागत नाही.

उत्तरं आली की त्यांचा तक्ता उतरण्याच्या ठिकाणानुसार आणि मग वेळेनुसार लावा. आपल्या उदाहरणात शुक्रवारी सकाळी मडगावला कोकणकन्येने चोवीस जण उतरतात असं धरू. बारा सीटच्या दोन टेंपो ट्रॅव्हलर पुरतील असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात पुरत नाहीत. लग्नाला येणारा माणूस एक मोठी बॅग, एक साडीची पिशवी आणि आहेराचं खोकं घेऊन येतो. बारा सीटमध्ये सामानासकट आठ-नऊ जणच आरामात बसतात. म्हणजे तीन गाड्या, किंवा मग दोन गाड्या आणि सामानाला एक वेगळी जीप. मडगाव स्टेशन ते बाणावली अंतर फार नाही, त्यामुळे त्याच गाड्या दुसरी फेरीही मारू शकतात. पण पहिल्या फेरीत म्हाताऱ्या माणसांना बसवायचं, हे स्टेशनवर उभ्या असलेल्या भाच्याला आधी सांगून ठेवा.

दाबोळीला प्रत्येक विमानाला वेगळी गाडी पाठवणं परवडत नाही. दोन-तीन विमानांची माणसं एकत्र करा आणि किती थांबावं लागेल ते मोकळेपणाने सांगा:

> दाबोळीहून शुक्रवारी सकाळी १०, दुपारी १२.३० आणि २.३० ला बस सुटेल. आपलं विमान आधी पोचल्यास जास्तीत जास्त एक तास थांबावं लागेल. थांबायचं नसल्यास बाहेरच्या प्रीपेड काउंटरवरून टॅक्सी घ्यावी. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. ॲपवरून टॅक्सी हवी असल्यास गोवामाइल्स आधीच डाउनलोड करून ठेवावं.

मुंबई-पुण्याची माणसं विमानातून उतरून सवयीने फोन काढतात आणि तिथे एकही गाडी दिसत नाही. म्हणून ती शेवटची ओळ.

परतीच्या गाड्यांची आखणी उलट्या दिशेने करा. रविवारी दुपारी दीडचं मोपाचं विमान असेल तर साडेअकराला विमानतळावर, म्हणजे नऊ-सव्वानऊला हॉटेलमधून निघायला हवं. हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होत असेल तर त्या मंडळींना खाऊन निघायला कसाबसा एक तास मिळतो. परतीचा प्रश्न मुख्य मेलमध्ये विचारलाच नाही, तर ही गडबड शनिवारी रात्री, लग्न लागून सगळे दमलेले असताना समोर येते.

कार्यक्रम: पाहुण्याने कुठे कधी असायला हवं

पत्रिकेत मुहूर्त असतो. मेलमध्ये त्याच्या जोडीला पाहुण्याने पोचायची वेळ लिहा. ११.४७ चा मुहूर्त असेल तर काही जण ११.४५ ला खोलीतून निघतात. आपल्या उदाहरणाचा कार्यक्रम असा:

> शुक्रवार ११ डिसेंबर
> दुपारी १२.३० ते २.३०: जेवण, रेस्टॉरंट
> दुपारी ४: हळद, बागेत. ४ वाजता बागेत असावं.
> संध्याकाळी ६.३०: सीमांतपूजन, लगेच संगीत, समुद्राकडच्या हिरवळीवर. रात्री १० ला संगीत बंद होईल, त्यानंतर जेवण आत हॉलमध्ये सुरूच राहील.
> शनिवार १२ डिसेंबर
> सकाळी ७.३० ते ९.३०: नाश्ता
> सकाळी ११.१५: सर्वांनी मंडपात. अक्षता ११.४७ ला.
> दुपारी १ पासून: पंगत
> संध्याकाळी ७: स्वागत समारंभ, हॉल
> रविवार १३ डिसेंबर
> सकाळी ८ पासून: नाश्ता आणि निरोप. खोल्या ११ पर्यंत सोडाव्यात.

रात्री दहाची अट गंमत म्हणून नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि गोव्यात याबाबत तक्रारी होतात, पोलिसही येतात. गावाकडे संगीत रात्री नऊला रंगायला लागतं. त्याच हिशेबाने कुणी साडेआठला तयार होऊन खाली उतरला, तर मावशीचा नाच होऊन गेलेला असतो. म्हणून बंद होण्याची वेळ कार्यक्रमातच लिहा.

जेवणाची वेळ प्रत्येक दिवसाला द्याच. मधुमेह असलेल्या काकांना औषध कधी घ्यायचं ते त्यावरून ठरवावं लागतं. शनिवारचा उपवास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची सोय आहे का, तेही एका ओळीत सांगा.

कपडे

‘बीच शिक’, ‘फेस्टिव्ह’, ‘स्मार्ट कॅज्युअल’ असले शब्द वाचून नागपूरच्या काकूंना बॅगेत काय भरायचं ते कळत नाही, आणि फोन येतोच. कपड्यांची नावं लिहा, आणि कारण लिहा.

> हळद: पिवळा किंवा पांढरा सुती कुर्ता, साधी साडी, ड्रेस. हळदीचे डाग निघत नाहीत, म्हणून नवे कपडे नकोत. कार्यक्रम हिरवळीवर आहे, सपाट चपला घालाव्यात.
> संगीत: रंगीत काहीही. नाचता येईल असं. रात्री वारा असतो, ज्येष्ठांनी शाल ठेवावी.
> लग्न: पारंपरिक. नऊवारी नेसवायला दोन बायका सकाळी ८ ते १०.३० पहिल्या मजल्यावर असतील. फेटे मंडपाच्या दाराशी १०.३० पासून बांधून मिळतील. फेटा आणू नये.
> स्वागत समारंभ: सूट, शेरवानी, पैठणी, जे आवडेल ते.

उंच टाचा हिरवळीत आणि वाळूत रुततात, हे माहीत असूनही लोक विसरतात. डिसेंबरातही गोव्यात दुपारी तीस अंशांच्या वर ऊन असतं, त्यामुळे अकराला मंडपात जड ब्रोकेडची शेरवानी नको, हेही सुचवा. हळदीनंतर हॉटेलचे पांढरे टॉवेल पिवळे होतात आणि बऱ्याच हॉटेलांत त्याचे पैसे लावतात. बागेतच जुने पंचे आणि पाण्याची सोय ठेवली तर ती ओळ मेलमध्ये घालायचीही गरज राहत नाही.

ज्येष्ठांना रंगाची सक्ती करू नका. फोटो एकाच रंगात हवे असतील तर ती विनंती नवरा-नवरीच्या मित्रमंडळींपुरती, त्यांच्या ग्रुपवर करा.

पाठवताना

विषयाच्या जागी ‘आग्रहाचं निमंत्रण’ लिहू नका. दोन महिन्यांनी शोधताना ते सापडत नाही. ‘बाणावली लग्न, ११–१३ डिसेंबर: प्रवास, हॉटेल, कार्यक्रम’ असं लिहा. पत्ते BCC मध्ये टाका, नाहीतर एकाने ‘अभिनंदन’ म्हणून सगळ्यांना उत्तर दिलं की त्यामागे पन्नास मेल येतात आणि मूळ मेल खाली जातो. साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशे पत्त्यांपर्यंत पाठवता येतं, दीडशेला अडचण नाही.

मेलच्या तळाशी दोनच नंबर द्या: एक गाड्यांसाठी, एक खोल्यांसाठी. त्यांत नवरा-नवरी किंवा त्यांचे आईवडील नसावेत. ज्यांचे नंबर देणार त्यांना आधी विचारा आणि त्यांच्याकडे तक्त्याची लिंक द्या.

ज्येष्ठ मंडळी मेल उघडत नाहीत, हे धरूनच चाला. तोच मजकूर दोन पानी पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवा. अक्षर मोठं ठेवा, म्हणजे प्रिंट काढून पिशवीत ठेवता येईल. पीडीएफ पाठवल्यावर काही बदललं, समजा दाबोळीची बारा-तीसची बस एकला गेली, तर अख्खी पीडीएफ पुन्हा पाठवू नका. कुठली नवी, कुठली जुनी, यातच गोंधळ होतो. ‘बदल: शुक्रवारची दाबोळीची दुपारची बस १२.३० ऐवजी १ ला’ एवढीच ओळ ज्यांना लागू आहे त्यांनाच पाठवा. कुणाला लागू आहे ते तुमच्या तक्त्यात आहेच.

पाठवण्याआधी मसुदा घरातल्या अशा एकाला वाचायला द्या ज्याला या ठरवाठरवीतलं काहीच माहीत नाही. मग त्याला मेल बंद करून विचारा: कुठल्या विमानतळाचं तिकीट काढशील, शनिवारी सकाळी किती वाजता कुठे असशील, हळदीला पायात काय घालशील, रविवारी खोली कधी सोडायची. जिथे तो अडखळेल, ती ओळ वर आणा किंवा ठळक करा आणि मगच पाठवा.